नोटीस पिरियड पूर्ण केला तरी रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचा दाखला आणि फुल अँड फायनल अडकलंय. मेल कसा आणि कोणाला लिहू?

टेस्टट्यूब_पालघर (११ फेब्रुवारी २०२६)

नमस्कार मंडळी. मी तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्यूसी लॅबमध्ये होतो, जॉइनिंग १२ एप्रिल २०२१. २ डिसेंबरला राजीनामा दिला, ६० दिवसांची नोटीस होती, ती पूर्ण करून ३१ जानेवारीला शेवटचा दिवस झाला. राजीनामा स्वीकारल्याचा एचआरचा मेल आहे, त्यात शेवटचा दिवस ३१ जानेवारी असं स्पष्ट लिहिलंय. क्लिअरन्स फॉर्मवर स्टोअर, आयटी, कँटीन, लॉकर, डिपार्टमेंट हेड सगळ्यांच्या सह्या झाल्यात, एचपीएलसीची लॉगबुकं आणि माझ्याकडचे नोटबुक नंबरासकट हँडओव्हर केलेत आणि त्या फॉर्मचा फोटो काढून ठेवलाय.

आता प्रॉब्लेम असा की जानेवारीचा पगार ७ तारखेला सगळ्यांचा झाला पण माझा होल्ड केलाय, आणि एचआरला फोन केला की म्हणतात पॉलिसीप्रमाणे फुल अँड फायनल ४५ ते ६० दिवसांत होतं आणि रिलीव्हिंग लेटर त्याच्यासोबतच मिळेल. इकडे मी ९ तारखेला गोव्यात वेर्ण्याला नव्या कंपनीत जॉइन झालोय, त्यांनी रिलीव्हिंग लेटर आणण्यासाठी ३० दिवस दिलेत. म्हणजे जुनी कंपनी म्हणतेय मार्चअखेर आणि नवी म्हणतेय ११ मार्चच्या आत. ग्रॉस ४२,०००, बेसिक डीए धरून २१,०००, शिल्लक रजा १८. फोनवर सगळे गोडच बोलतात पण लेखी काहीच देत नाहीत. मेल कसा लिहावा, किती दिवसांची मुदत द्यावी? आणि जुन्या कंपनीशी भांडण करायचं नाहीये, याच फिल्डमध्ये राहायचंय.

---

अण्णा_सातारकर

अहो नोटीस न देता सोडलीत तर कंपनी लेटर देणारच नाही, तो त्यांचा हक्क आहे. आमच्या भाच्याने असंच केलं होतं, दोन महिन्यांचा पगार भरायला लावला. आधी नोटीसचे पैसे भरा मग बोला.

---

टेस्टट्यूब_पालघर

अण्णा, नोटीस पूर्ण केलीये मी, पूर्ण ६० दिवस. पैसे भरायचा प्रश्नच येत नाही.

---

कोकणी_माणूस

भाऊ टेन्शन घेऊ नकोस. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड लागू झालेत, त्यात सरळ लिहिलंय की राजीनामा दिला तरी दोन दिवसांत सगळं द्यायचं. सगळं म्हणजे पगार, रजा, ग्रॅच्युइटी, लेटर, सगळं. थेट लेबर कमिशनरकडे जा, कंपनीवाले धावत येतील. मेलबिल लिहीत बसू नको.

---

टाइमऑफिस

मी कारखान्यात टाइम ऑफिस आणि पेरोल मिळून बरीच वर्षं काढलीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कोकणी_माणूस यांचं पगाराबद्दलचं बरोबर आहे. वेतन संहितेच्या कलम १७ मध्ये नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत वेतन द्यायचं आहे आणि राजीनामाही त्यात धरलाय. आधीच्या १९३६ च्या कायद्यात कंपनीने काढून टाकलं तरच ती दोन दिवसांची मुदत होती, राजीनामेवाल्यांसाठी तसं काही नव्हतं, म्हणून तर सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसीत ते ४५ दिवस रुळले. तुमचा शेवटचा दिवस शनिवार होता, रविवार सोडला तर सोमवार मंगळवार, म्हणजे ३ फेब्रुवारीपर्यंत जानेवारीचा पगार यायला हवा होता. कंपनीच्या पॉलिसीत ४५ लिहिलंय म्हणून कायद्यातले दोन दिवस ४५ होत नाहीत.

पण "सगळं दोन दिवसांत" हे चूक. ग्रॅच्युइटी वेतनात धरत नाहीत, तिची मुदत वेगळी, ३० दिवस. आणि रिलीव्हिंग लेटर हा तर वेतनाचा भागच नाही, त्याला या कलमाचा हात लागत नाही. म्हणजे तुमच्या तीन मागण्या तीन वेगळ्या पायावर उभ्या आहेत, आणि कंपनीने त्या एकाच दोरीने बांधल्यात. पहिलं काम ती दोरी सोडायची. मेलमध्ये एकच वाक्य लिहिलं की "माझं एफ अँड एफ आणि लेटर द्या", की एचआर ते पेरोलकडे पाठवतं आणि पेरोल म्हणतं अजून सायकल यायचीय. लेटर तिथेच अडकतं, खरं तर त्या लेटरसाठी पेरोलची गरजच नसते, क्लिअरन्स पूर्ण झाला की एचआर ते त्याच दिवशी काढू शकतं.

म्हणून लेटर वेगळं मागा, पैसे वेगळे मागा. आणि लेबर ऑफिसला आत्ता जाऊ नका. तिथेही पहिला प्रश्न हाच येतो की तुम्ही लेखी कधी मागितलं.

---

एचआर_मेघना

मी एचआरमध्ये आहे, दुसऱ्या कंपनीत, म्हणून दुसरी बाजूही सांगते. ४५ दिवस लावायला कंपन्यांना मजा येत नाही. आमची हजेरी २५ तारखेला क्लोज होते, त्यानंतरच्या दिवसांची रजा किंवा ओव्हरटाइम पुढच्या महिन्यात येतो, ट्रॅव्हलची बिलं उशिरा येतात, आणि पैसे एकदा गेले की माणसाकडून लॅपटॉपचे किंवा लोनचे पैसे परत मिळत नाहीत. म्हणून शेवटचा पगार होल्ड करतात. नवीन कोड आल्यापासून आमच्याकडे शेवटच्या दिवशीच हजेरी क्लोज करून वेगळं पेरोल रन करायला सुरुवात झालीये, पण सगळीकडे सॉफ्टवेअर आणि सवय दोन्ही बदललेलं नाही.

लेटरचं मात्र टाइमऑफिस यांच्याशी सहमत. क्लिअरन्स पूर्ण असेल तर लेटर अडवून ठेवायला काहीच कारण नाही. मला कोणी नीट तारखांसकट मेल केला, त्यात राजीनामा स्वीकारल्याचा मेल आणि क्लिअरन्स फॉर्म जोडलेला असला तर मी तो वर पाठवून सही घेऊ शकते. "सर प्लीज लवकर द्या अर्जंट आहे" अशा मेलवर मी कोणाची सही घेऊ?

---

विदर्भकन्या

माझं पण सेम झालं होतं पुण्यात, आयटी कंपनी, माझी ९० दिवसांची नोटीस होती आणि नव्या कंपनीने ३० दिवसांचं बायआउट केलं होतं तर जुन्या कंपनीने बायआउटचे पैसे भरूनही लेटरवर "नोटीस पूर्ण केली नाही" असं लिहिलं, त्यावरून बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये प्रश्न आला, शेवटी पैसे भरल्याची पावती दाखवून मिटलं. बायआउटबद्दल कोणाला माहिती असेल तर मला पण सांगा, म्हणजे बायआउटवर जीएसटी लागतो का वगैरे.

---

टाइमऑफिस

विदर्भकन्या, जीएसटीचा वेगळा धागा काढा, इथे मिसळलं तर यांचं राहून जाईल. पण तुमच्या अनुभवातली एक गोष्ट यांच्या कामाची आहे, लेटरवर काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाचायचं, मिळालं म्हणून नुसतं पुढे पाठवायचं नाही.

---

गोवेकर_फार्मा

वेर्ण्यातच आहे मी, फार्मामध्येच. नवीन कंपनीच्या एचआरला आत्ताच सांगून ठेवा, ११ मार्चपर्यंत थांबू नका. राजीनामा स्वीकारल्याचा मेल, क्लिअरन्स फॉर्म, शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा आणि जुन्या कंपनीला लेटर मागितल्याच्या मेलची कॉपी एवढं दिलं तर बहुतेक जण मुदत वाढवून देतात. त्यांना खरी भीती ही असते की माणूस अजून तिकडे रोलवर आहे का.

दुसरं, आणि हे फक्त आपल्या फिल्डचं आहे. अनुभवाचा दाखला आणि रिलीव्हिंग लेटर एकाच कागदावर घेऊ नका. रिलीव्हिंग लेटर एचआरला लागतं, ते एकदा फाइलला लागलं की संपलं. अनुभवाचा दाखला तुम्हाला पुढे एफडीएकडे टेक्निकल स्टाफ म्हणून नाव घालताना लागणार आहे. तिथे नुसतं "अमुक काळ आमच्याकडे काम केलं, पुढील वाटचालीस शुभेच्छा" असा दाखला काही कामाचा नाही. त्यात कोणत्या विभागात, कोणत्या डोसेज फॉर्मवर, टॅब्लेट की इंजेक्टेबल, कोणती इन्स्ट्रुमेंट्स, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत हे यायला पाहिजे. आमच्याकडच्या एका मुलाला जुन्या कंपनीकडे पुन्हा जाऊन दाखला बदलून घ्यावा लागला, तोपर्यंत तिथला क्यूसी हेड सोडून गेला होता, नवीन माणूस म्हणाला मी तुम्हाला ओळखतच नाही. म्हणून आत्ताच नीट मजकूर मागा, तुमच्या हेडला अजून सगळं आठवतंय तोवर.

---

टेस्टट्यूब_पालघर

हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, थँक्यू. माझं डेझिग्नेशन पण मध्ये बदललं, ऑफिसरवरून एक्झिक्युटिव्ह, एप्रिल २०२४ मध्ये. दोन्ही लिहायला सांगू का?

---

गोवेकर_फार्मा

हो, तारखांसकट दोन्ही. नाहीतर पूर्ण काळ एकच पद दिसतं.

---

टाइमऑफिस

मजकूर देते, तुम्ही इंग्रजीत करून टाका, तुमच्या पर्सनल मेलवरून पाठवा कारण ऑफिसचा मेल बंद झाला असेल. एचआर हेड टू मध्ये, तुमचा डिपार्टमेंट हेड आणि फॅक्टरी मॅनेजर सीसी मध्ये. पेरोलला दुसरा मेल.

पहिला मेल, विषय: रिलीव्हिंग लेटर व अनुभवाचा दाखला मिळणेबाबत, एम्प्लॉयी कोड अमुक, शेवटचा दिवस ३१ जानेवारी २०२६.

"माझा राजीनामा २ डिसेंबर २०२५ रोजी दिला होता, तो आपल्या मेलने स्वीकारला गेला व ३१ जानेवारी २०२६ हा शेवटचा कामाचा दिवस ठरला. मी पूर्ण नोटीस काळ काम केले आहे. सर्व विभागांच्या सह्यांचा क्लिअरन्स फॉर्म सोबत जोडला आहे, माझ्याकडे कंपनीची कोणतीही वस्तू शिल्लक नाही. कृपया ३१ जानेवारी २०२६ रोजी कामाच्या वेळेअखेर कार्यमुक्त केल्याचे पत्र व सोबत जोडलेल्या तपशिलाप्रमाणे स्वतंत्र अनुभवाचा दाखला २० फेब्रुवारी २०२६ पर्यंत द्यावा. अंतिम हिशोबासाठी मी वेगळा मेल केला आहे, या पत्रांचा त्या हिशोबाशी संबंध जोडू नये ही विनंती. क्लिअरन्समध्ये काही बाकी असल्यास कोणत्या विभागाचे काय बाकी आहे ते लेखी कळवावे."

शेवटचं वाक्य काढू नका. ते वाचल्यावर एचआरला एकतर बाकी काय ते लिहावं लागतं किंवा लेटर द्यावं लागतं, नुसतं "प्रोसेसमध्ये आहे" म्हणून चालत नाही.

दुसरा मेल पैशांचा, एचआर आणि अकाउंट्स दोघांना. त्यात तीन गोष्टी आकड्यांसकट मागा: जानेवारीचा पगार, शिल्लक १८ रजांचे पैसे, ग्रॅच्युइटी. आणि पैसे जमा करायच्या आधी हिशोबाचं स्टेटमेंट मागा, कशाचं काय कापलंय ते कळलं पाहिजे.

---

कोकणी_माणूस

पण ताई ग्रॅच्युइटी कशी, पाच वर्षं कुठे झालीत? पावणेपाच पण धड नाही. ती विसरा.

---

टाइमऑफिस

पावणेपाचच्या वर झालीत. आणि विसरायची नाही, मागायची. कशी ते बघा.

ग्रॅच्युइटीच्या कायद्यात "अखंड सेवेचं एक वर्ष" कसं मोजायचं ते दिलंय, सहा दिवसांचा आठवडा असेल तर वर्षात २४० दिवस काम भरलं की ते वर्ष धरतात, आणि पाच दिवसांच्या आठवड्याला १९० दिवस. मद्रास हायकोर्टाचा जुना निकाल आहे की चार वर्षं पूर्ण झाल्यावर पाचव्या वर्षात ते २४० दिवस भरले तर पाच वर्षं झाली असं धरायचं.

यांचं पाचवं वर्ष १२ एप्रिल २०२५ ला सुरू झालं. तिथून ३१ जानेवारी २०२६ पर्यंत २९५ दिवस होतात. त्यातले ४२ रविवार काढले तर २५३. पगारी रजेचे दिवस काम केल्यासारखेच धरतात. म्हणजे रविवार पूर्ण सोडूनही २४० च्या वर. सणाच्या सुट्ट्या वजा करायच्या म्हटल्या आणि आठ सुट्ट्या असतील तरी २४५ उरतात. बिनपगारी रजा किती होती तेवढं तपासा, सातआठ दिवस बिनपगारी निघाले तर गणित काठावर येतं आणि मग रविवार धरायचे की नाही यावर वाद होतो.

रक्कम: २१,००० भागिले २६ गुणिले १५, म्हणजे वर्षाला १२,११५ रुपये, आणि पाच वर्षांचे साधारण ६०,५७७. एवढे पैसे मागायचेही नाहीत असं का?

मात्र हेही सांगते, मद्रासचा निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही आणि बऱ्याच कंपन्या पाच वर्षं म्हणजे पाच कॅलेंडर वर्षं असंच धरून बसतात. मिळेलच असं मी म्हणणार नाही. लेखी अर्ज टाकून ठेवा, ३० दिवसांची मुदत म्हणजे २ मार्च, त्यानंतर ग्रॅच्युइटीच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, तिथे वकील नसला तरी चालतं.

---

एचआर_मेघना

आमच्या कंपनीत चार वर्षं २४० दिवसांवर देतात. पण आधीच्या कंपनीत सरळ नाकारायचे, आणि कोणी पुढे गेलं तरच द्यायचे. दोन्ही पाहिलंय.

---

टेस्टट्यूब_पालघर (१२ फेब्रुवारी)

दोन्ही मेल टाकले. बिनपगारी रजा फक्त २ दिवस आहे, जून २०२५ मधली, म्हणजे २४० च्या वरच राहतं. नव्या कंपनीच्या एचआरला पण मेल केला, त्यांनी "ओके, नोटेड" लिहिलंय.

---

टेस्टट्यूब_पालघर (२१ फेब्रुवारी)

अपडेट. काल संध्याकाळी रिलीव्हिंग लेटर आलं!! स्कॅन कॉपी, ओरिजिनल कुरिअर करतायत. "३१ जानेवारी २०२६ रोजी कामाच्या वेळेअखेर कार्यमुक्त" असंच लिहिलंय, लेटरवरची तारीख २० फेब्रुवारी आहे पण ती चालते ना? अनुभवाचा दाखला मात्र एकाच ओळीचा आलाय, "एक्झिक्युटिव्ह, क्यूसी" एवढंच.

आणि सोबत एफ अँड एफचं स्टेटमेंट आलंय सहीसाठी, त्यात असं आहे:

जानेवारीचा पगार ४२,०००, त्यातून पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा, निव्वळ ४०,०००
रजा १८ दिवस, १२,६००
नोटीस कमी पडली २ दिवस, वजा २,८००
ग्रॅच्युइटी शून्य, "पाच वर्षे पूर्ण नाहीत"
एकूण ४९,८००

खाली लिहिलंय की वरील रक्कम मिळून माझा संपूर्ण हिशोब पूर्ण झाला आहे व माझा कंपनीवर कोणताही दावा राहिलेला नाही. सही करून पाठवली की पाच दिवसांत पैसे जमा होतील. नोटीस दोन दिवस कमी कशी पडली मला कळत नाहीये.

---

गोवेकर_फार्मा

लेटर काढल्याची तारीख कोणतीही असू दे, कार्यमुक्त केल्याची तारीख ३१ जानेवारी आहे ना, मग काही अडचण नाही. पीएफची तारीख पण बघा. ईपीएफओच्या साइटवर सर्व्हिस हिस्ट्रीत जुन्या कंपनीची बाहेर पडल्याची तारीख काय टाकलीय ते. काही जण पेरोल क्लोज केलं ती तारीख टाकतात, २८ फेब्रुवारी वगैरे, मग तुम्ही ९ फेब्रुवारीपासून दोन ठिकाणी नोकरीला होतात असं दिसतं आणि व्हेरिफिकेशनवाले नेमकं तेच धरतात. शेवटच्या पीएफ भरण्याला दोन महिने झाल्यावर Manage मध्ये Mark Exit करून स्वतः टाकता येते, पण कंपनीने चुकीची टाकून ठेवली तर दुरुस्तीला त्यांच्याकडेच जावं लागतं.

---

टाइमऑफिस

सही करू नका अजून. एकेक बघू.

नोटीसचे दोन दिवस. नोटीस काळात रजा घेतली होती का? बहुतेक त्याचेच कापलेत. कंपन्यांच्या पॉलिसीत असतं की नोटीसमध्ये रजा घेतली तर तेवढे दिवस नोटीस पुढे सरकते. पण मग त्यांनी तेव्हाच शेवटचा दिवस बदलून कळवायला हवा होता. इथे त्यांच्याच मेलमध्ये ३१ जानेवारी आहे आणि त्यांच्याच रिलीव्हिंग लेटरवर पण ३१ जानेवारी आहे. स्वतः ठरवलेल्या तारखेला सोडलं आणि आता दोन दिवस कमी म्हणतात, हे टिकत नाही. या दोन कागदांचा हवाला देऊन २,८०० परत मागा.

रजेचे १२,६००. हे त्यांनी बेसिकचे २१,००० भागिले ३० करून काढलंय, ७०० रुपये रोज. कारखान्यातल्या कामगाराला जुन्या फॅक्टरी अ‍ॅक्टप्रमाणे रजेचा दर पूर्ण कमाईच्या सरासरीवर असायचा, फक्त ओव्हरटाइम आणि बोनस सोडून, आणि प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांवर. त्या हिशोबाने ४२,००० भागिले २६, रोज १,६१५, अठरा दिवसांचे २९,०७७. फरक साडेसोळा हजारांचा येतो.

आता यात अडचण. कंपनी म्हणेल हे एक्झिक्युटिव्ह आहेत, कामगार नाहीत. पदाच्या नावाला कोर्ट किंमत देत नाही, माणूस रोज काय काम करत होता ते बघतं. तुमच्या हाताखाली माणसं होती का, रजा मंजूर करायचात का, की स्वतः बेंचवर बसून टेस्टिंग करत होतात? दुसरं, आता नवीन संहितेत वेतनाची व्याख्या बदललीये, त्यामुळे रजेचा दर नेमका कशावर काढायचा यावर आमच्याकडेच दोन मतं आहेत. म्हणून रजेबद्दल मी ठामपणे सांगत नाही, हिशोब कसा केला ते लेखी विचारा आणि स्टँडिंग ऑर्डरची प्रत मागा.

---

टेस्टट्यूब_पालघर

पूर्ण वेळ बेंचवरच हो, माझ्या हाताखाली कोणी नव्हतं, मीच सॅम्पल घ्यायचो मीच रिपोर्ट करायचो. डिसेंबरमध्ये दोन दिवस ताप होता तेव्हा सिक लीव्ह घेतली होती, हेडने मंजूर पण केली होती. तेच दोन दिवस असणार.

पण मग सही नाही केली तर ४९,८०० पण अडकतील ना? गोव्यात डिपॉझिट भरून हात रिकामा झालाय.

---

कोकणी_माणूस

सही करून टाक भाऊ, हातात आलेले सोडू नकोस, नंतर भांड.

---

टाइमऑफिस

नंतर भांडायला तो "कोणताही दावा राहिलेला नाही" हाच कागद आडवा येतो. मधला मार्ग आहे. सही करताना सहीच्या वरच पेनाने लिहा: "रु. ४९,८०० मिळण्यापुरते मान्य. नोटीस कपात, रजेचा दर व ग्रॅच्युइटी याबाबतचा हक्क राखून." आणि तेच मेलमध्येही टाका. दावा नसल्याच्या ओळीवर काट मारून शेजारी छोटी सही करा. जानेवारीचा पगार तर बिनवादाचा आहे, तो सहीशिवायही द्यायलाच हवा, ती गोष्ट मेलमध्ये पहिल्या ओळीत लिहा, आणि ३ फेब्रुवारीची तारीख घाला.

तरीही अडवलं तर मग कामगार आयुक्त कार्यालय. वेतनाच्या दाव्याला आता तीन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे घाबरून सही करायची गरज नाही.

---

एचआर_मेघना

असा काट मारलेला फॉर्म आमच्याकडे आला की अकाउंट्सवाले आधी परत पाठवतात आणि "क्लीन कॉपी" मागतात, त्यासाठी तयार राहा. तेव्हा फोनवर वाद घालू नका, फक्त "जी रक्कम आपणच देय दाखवली आहे ती देण्यासाठी उरलेले हक्क सोडण्याची अट का, ते लेखी कळवा" एवढाच रिप्लाय द्या. ते लेखी कळवायला कोणी पुढे येत नाही, मी स्वतः तरी नसते आले.

---

टेस्टट्यूब_पालघर (७ मार्च)

पुन्हा अपडेट. मेघना म्हणाल्या तसंच झालं, क्लीन कॉपी मागितली, मी तोच रिप्लाय दिला, चार दिवस शांतता आणि मग ५२,६०० जमा. म्हणजे नोटीसचे २,८०० परत दिले, मेलमध्ये त्याबद्दल एक शब्द नाही. स्टँडिंग ऑर्डरची प्रत दिली नाही. रजेबद्दल "कंपनी धोरणानुसार" एवढंच उत्तर आलं.

अनुभवाचा दाखला नवीन आला, माझ्या क्यूसी हेडने मजकूर स्वतः तपासून दिला, टॅब्लेट आणि कॅप्सूल, एचपीएलसी, डिसोल्युशन, दोन्ही पदं तारखांसकट. नव्या कंपनीने रिलीव्हिंग लेटर फाइलला लावून घेतलं. पीएफमध्ये बाहेर पडल्याची तारीख ३१ जानेवारीच दिसतेय.

ग्रॅच्युइटीच्या अर्जाला २ मार्चपर्यंत काहीच उत्तर नाही, स्टेटमेंटमधला तो शून्य तेवढा आहे. आता अधिकाऱ्याकडे अर्ज करतोय. जॉइनिंग लेटर, पाचव्या वर्षाच्या पगाराच्या स्लिपा, रिलीव्हिंग लेटर, आणि मी अर्ज पाठवल्याची पोचपावती जोडतोय, अजून काही लागेल का?

---

टाइमऑफिस

हजेरीचा उतारा जोडा, एप्रिल २०२५ ते जानेवारी २०२६ चा. पगाराच्या स्लिपांवर "हजर दिवस" छापलेले असतील तर त्याच पुरतात, दहा महिन्यांचे आकडे बेरीज करून एका कागदावर लिहा आणि मंजूर पगारी रजा वेगळ्या रकान्यात दाखवा. आणि ते स्टेटमेंट नक्की लावा, "पाच वर्षे पूर्ण नाहीत" हे कंपनीने लेखी दिलंय, म्हणजे वाद फक्त दिवस मोजण्याचा उरला. तारीख पडली की इथे कळवा.

---

अण्णा_सातारकर

माझ्या भाच्याचे पाचव्या वर्षात २३१ दिवस भरतात, रविवार सोडून. त्याचं होईल का काही?

---

टाइमऑफिस

अण्णा, आठवडा पाच दिवसांचा होता की सहा? आणि पगारी रजा त्या २३१ मध्ये धरल्यात का, ते आधी विचारून सांगा.

---